तीन गुणाकारांत भागते, तर चौथा कशाला?

1960 सालच्या शरद ऋतूत मॉस्को विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी आपला एक अंदाज मांडला. n अंकी दोन संख्यांचा गुणाकार करायचा तर साधारण n² पायऱ्या लागणारच, त्याहून कमीत तो व्हायचा नाही. श्रोत्यांमध्ये अनातोली कारात्सुबा नावाचा 23 वर्षांचा विद्यार्थी होता. आठवडाभरातच त्याने हा अंदाज खोटा ठरवला.

त्याची युक्ती 42 × 31 या छोट्या गुणाकारात पाहता येते. शाळेतल्या रीतीने चार गुणाकार लागतात. कारात्सुबा मात्र तीनच करतो: 4 × 3 = 12, 2 × 1 = 2 आणि अंकांच्या बेरजांचा (4+2) × (3+1) = 24. या 24 मधून 12 आणि 2 वजा केले की मधला आकडा मिळतो, 10. मग 1200 + 100 + 2 = 1302. एका गुणाकाराऐवजी थोड्या बेरजा-वजाबाक्या वाढल्या, पण त्या स्वस्त असतात.

मोठ्या संख्येचेही असेच दोन भाग करायचे, त्या भागांचे पुन्हा दोन, असे एकेका अंकापर्यंत जायचे. या कामाचा हिशेब एका ओळीत मांडता येतो:

```
T(n) = 3T(n/2) + n
```

n आकाराच्या कामातून निम्म्या आकाराची तीन कामे निघतात आणि तोडण्या-जोडण्याला साधारण n इतका खर्च येतो. अशा समीकरणाला रिकरन्स म्हणतात. त्यात उजवीकडेही T असल्यामुळे एकूण खर्च थेट दिसत नाही. तो शोधण्याची ठरावीक रीत बेंटली, हाकेन आणि सॅक्स यांनी 1980 मध्ये मांडली. पुढे पाठ्यपुस्तकांतून ती ‘मास्टर पद्धत’ या नावाने रुळली.

ही पद्धत दोन खर्चांची तुलना करते. पहिला खर्च तळाचा. प्रत्येक पातळीवर तुकडे तिप्पट होतात आणि आकार निम्मा होतो, म्हणून अगदी शेवटी `n^(log₂3)`, म्हणजे सुमारे `n^1.585` इतके तुकडे उरतात. दुसरा खर्च माथ्यावरचा, म्हणजे पहिल्याच तोडजोडीचा. इथे तो n आहे. तळ जड असेल तर तळाचा आकडा हेच उत्तर, माथा जड असेल तर माथ्याचा. दोन्ही सारखे असतील तर प्रत्येक पातळीला तेवढाच खर्च येतो, म्हणून त्याला पातळ्यांच्या संख्येने, `log n` ने गुणायचे. मर्ज सॉर्टचे `2T(n/2) + n` हे समीकरण या सारख्या प्रकारातले, म्हणून त्याचे उत्तर `n log n`.

कारात्सुबाच्या रीतीत तळ जड आहे, म्हणून उत्तर `n^1.585`. 1024 अंकी संख्या दहा वेळा निम्म्या केल्या की एकेक अंक उरतो. शाळेच्या रीतीने एकअंकी गुणाकार होतात 4¹⁰, म्हणजे 10,48,576. कारात्सुबाच्या रीतीने 3¹⁰, म्हणजे सुमारे 59 हजार.

फसगत होते ती ‘जड’ या शब्दाच्या अर्थावर. फरक थोडाथोडका असून भागत नाही, तो n च्या एखाद्या घाताइतका तरी हवा. एका पटलावरच्या बिंदूंमधली सर्वांत जवळची जोडी शोधताना प्रत्येक पातळीवर नव्याने क्रमवारी लावली, तर समीकरण होते `2T(n/2) + n log n`. तळाला n, माथ्याला `n log n`. माथा जड दिसतो आणि पुष्कळ विद्यार्थी `n log n` लिहून मोकळे होतात. ते चुकते, कारण n आणि `n log n` यांच्यातला फरक फक्त लॉगचा आहे, घाताचा नाही. n = 1024 साठी पातळ्यांची बेरीज करून पाहावी: माथ्यावर 10n, खाली 9n, मग 8n, असे करत 1n. एकूण 55n. म्हणजे एकट्या माथ्याच्या साडेपाचपट. खरे उत्तर `n log² n` आहे. पद्धतीच्या विस्तृत रूपात अशा लॉगच्या पटींचीही सोय आहे, पण वरच्या तीन प्रकारांत हे उदाहरण बसत नाही.

तुकडे असमान असले तरीही पद्धत थांबते. ब्लम, फ्लॉइड, प्रॅट, रिव्हेस्ट आणि टार्जन यांनी 1973 मध्ये मध्यक शोधण्याची जी रीत दिली, तिचे समीकरण साधारण असे आहे:

```
T(n) = T(n/5) + T(7n/10) + n
```

इथे एकच भाजक नाही, म्हणून तुलना कशाशी करायची हेच ठरत नाही. पण तुकड्यांची बेरीज n च्या 9/10 होते. म्हणून प्रत्येक पातळीचा खर्च वरच्या पातळीच्या फार तर 9/10, आणि सगळी बेरीज 10n च्या आत राहते. असमान तुकड्यांसाठी आक्रा आणि बाझ्झी यांनी 1998 मध्ये व्यापक सूत्र दिले. क्विकसॉर्टची सर्वांत वाईट स्थिती `T(n-1) + n` मात्र त्यातही बसत नाही. तिथे आकार भागाकाराने नव्हे, वजाबाकीने घटतो. सरळ बेरीज केली की n² मिळते.

म्हणून सूत्र लावण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: तुकडे सारखे आहेत का, आकार भागाकाराने घटतो का, आणि दोन खर्च एकतर तुल्यबळ किंवा घाताइतके वेगळे आहेत का. यातली एक जरी अट मोडली, तर कागदावर पातळ्या मांडून त्यांची बेरीज करावी.