विधान-कारण प्रश्न : आधी दोन सुटी वाक्ये, मग दुवा

विज्ञानाच्या परीक्षेतील विधान-कारण प्रश्नात वाक्ये दोनच असतात. एकाला ‘विधान’ म्हणतात, दुसऱ्याला ‘कारण’. विद्यार्थ्याला तीन गोष्टी ठरवायच्या असतात : विधान बरोबर आहे का, कारण बरोबर आहे का, आणि दोन्ही बरोबर असतील तर दुसरे पहिल्याचे स्पष्टीकरण देते का. सीबीएसईच्या दहावीच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत असे प्रश्न असतात, ‘नीट’मध्येही येतात. पर्याय साधारणपणे चार : दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण; दोन्ही बरोबर पण योग्य स्पष्टीकरण नाही; विधान बरोबर, कारण चूक; विधान चूक, कारण बरोबर.

हे प्रश्न चुकतात ते बहुधा तिसरा निर्णय आधी घेतल्यामुळे. उदाहरण पाहा. विधान : बुध हा सूर्यमालेतील सर्वांत उष्ण ग्रह आहे. कारण : बुध सूर्याच्या सर्वांत जवळ आहे. ओळीने वाचले तर वाक्ये इतकी छान जुळतात की पहिल्याविषयी शंकाच येत नाही. जवळ असेल तो तापणारच! पण विधान चूक आहे. बुधाचा दिवसाचा पृष्ठभाग सुमारे ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, तर शुक्राचा पृष्ठभाग रात्रंदिवस सुमारे ४६५ अंशांवर असतो. कारण मात्र खरे आहे. म्हणून उत्तर चौथा पर्याय. कारणाची ओळ हाताने झाकून नुसते विधान वाचले असते, तर शुक्र आठवण्याची शक्यता बरीच वाढली असती.

आता विधान बदलू. शुक्र हा सर्वांत उष्ण ग्रह आहे, हे खरे. त्याच्याखाली ‘शुक्र सूर्याच्या सर्वांत जवळ आहे’ असे कारण दिले, तर ते चूक, आणि प्रश्न तिथेच संपतो. दुव्याचा विचार करण्याची गरजच नाही. ‘शुक्र बुधापेक्षा सूर्यापासून दूर आहे’ हे कारण खरे, पण दूर असल्याने ग्रह अधिक तापत नाही, म्हणून ते स्पष्टीकरण नव्हे. ‘शुक्राच्या दाट वातावरणात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आहे, तो उष्णता अडवून धरतो’ हे कारण खरेही आहे आणि विधान का खरे आहे तेही सांगते. विधान तेच राहिले, पण कारण बदलताच तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली.

दुव्याची परीक्षा थोडी अवघड, कारण दोन्ही वाक्ये खरी आणि एकाच धड्यातली असली की ती एकमेकांशी बांधलेली वाटतात. विधान : फुप्फुस धमनीतून ऑक्सिजनविरहित रक्त वाहते. कारण : धमन्या हृदयाकडून रक्त दूर नेतात. दोन्ही खरी. मग दुवा तपासण्यासाठी कारण दुसऱ्या ठिकाणी लावून पाहावे. महाधमनीही हृदयाकडून रक्त दूर नेते, पण तिच्यात ऑक्सिजनयुक्त रक्त असते. म्हणजे दूर नेण्यावरून रक्तात ऑक्सिजन किती, हे ठरत नाही. खरे स्पष्टीकरण असे की ही धमनी हृदयाच्या उजव्या बाजूकडून निघते आणि तिथे शरीरातून परत आलेले रक्त असते. याच प्रश्नात ‘सर्व धमन्यांत ऑक्सिजनयुक्त रक्त असते’ असे कारण आले, तर ते ‘सर्व’ या शब्दामुळे चूक ठरते. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘नेहमी’ हे शब्द दिसले की एक अपवाद शोधून पाहावा.

काही वेळा संबंध असतो, पण उलट्या दिशेने. विधान : लेहसारख्या सुमारे ३५०० मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी १०० अंशांच्या बरेच खाली, साधारण ८८ अंशांना उकळते. कारण : तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला जास्त वेळ लागतो. दोन्ही खरी, संबंधही स्पष्ट. पण डाळ उशिरा शिजणे हा परिणाम आहे. उत्कलनबिंदू खाली येतो तो हवेचा दाब कमी असल्याने. असा परिणाम ‘कारण’ म्हणून पुढे ठेवलेला असला, की अभ्यासू मुलेही हमखास पहिला पर्याय निवडतात.

दोन्ही वाक्ये चूक वाटली तर आधी पर्याय पाहावेत. काही परीक्षांत ‘दोन्ही चूक’ असा पर्याय असतो, वर दिलेल्या चारांत तो नाही. तो नसेल तर आपण कुठले तरी वाक्य चुकीचे वाचले आहे. बहुधा एखादा ‘नाही’ किंवा एकक नजरेतून निसटलेले असते. पर्यायांचा क्रमही दरवेळी तोच असतो असे नाही, तेव्हा ‘दोन्ही बरोबर’ म्हणजे पहिला पर्याय हे गृहीत धरता येत नाही. विधानाशेजारी बरोबर किंवा चुकीची खूण, कारणाशेजारी तशीच खूण, आणि दोन्हींकडे बरोबरची खूण असेल तरच दुव्याचा निर्णय, एवढे कच्च्या कामात लिहून मगच उत्तराचा गोल भरावा.