अनुभव : शून्य?

अंबड एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांत स्टोअर असिस्टंटची जागा निघाली की सिडको आणि पाथर्डी फाट्याकडून पोरांचे अर्ज येतात. बऱ्याच अर्जांत ‘अनुभव’ या रकान्यासमोर ‘नाही’ असं लिहिलेलं असतं. लिहिणारा बी.कॉम. झालेला असतो आणि समोर बसवून विचारलं तर म्हणतो, ‘सर, तसं काही नाही, वडिलांच्या दुकानात बसायचो.’ हे ‘तसं काही नाही’ गुणांत कसं बसवायचं, ते एका कल्पित अर्जावरून पाहू.

समजा, पवननगरच्या एका मुलाचा अर्ज आहे. कॉलेजची तीन वर्षं तो घरच्या हार्डवेअरच्या दुकानात रोज संध्याकाळी चार तास, आठवड्याचे सहा दिवस बसला. त्यातली दोन वर्षं तो आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होता, आठवड्याला आठ तास. पदवीनंतर एक वर्ष पार्सलची डिलिव्हरी केली, आठवड्याला साधारण 36 तास.

आधी तासांचे महिने करायचे. कारखान्याचा आठवडा 48 तासांचा, तेच माप धरायचं. दुकानाचे 24 तास म्हणजे अर्धा आठवडा, म्हणून 36 महिन्यांचे 18. शिकवणीचे आठ तास म्हणजे सहावा हिस्सा, 24 महिन्यांचे चार. डिलिव्हरी पाऊण आठवड्याची, 12 महिन्यांचे नऊ. नुसते ‘तीन अधिक दोन अधिक एक, सहा वर्षं’ असे धरले तर एकच काळ दोनदा मोजला जातो. तासांनी मोजल्यावर तो घोटाळा होत नाही. तिन्ही कामं एकाच वेळी चालू होती असं कुणी लिहिलं तर बेरीज 68 तास होते. अशी मेहनत करणारी मुलं असतात, पण 48 च्या वरचे तास मी धरत नाही. कारखान्यातल्या माणसाचा ओव्हरटाइम तरी आपण कुठे अनुभवात वेगळा मोजतो?

आता हे महिने या जागेच्या कामाशी जुळवायचे. स्टोअरमध्ये आलेला माल मोजायचा, चलन बिलाशी ताडायचं, नोंद करायची आणि साठा घटला की वेळेत सांगायचं. हार्डवेअरच्या दुकानात हेच चालतं, म्हणून ते 18 महिने पूर्ण धरायचे. डिलिव्हरीत पार्सल ताब्यात घेणं आणि पोचवल्याची नोंद आहे, साठा नाही. म्हणून निम्मे, साडेचार. शिकवणीतून वक्तशीरपणा आणि समजावून सांगणं मिळतं, म्हणून पाव, म्हणजे एक महिना. बेरीज साडेतेवीस महिने. ‘शून्य’ लिहिलेल्या अर्जाची ही किंमत! प्रशिक्षण विभागातली जागा असती तर शिकवणीचा वाटा पूर्ण धरला असता आणि दुकानाचा घटवला असता. पूर्ण, निम्मा की पाव हे मात्र अर्ज उघडण्याआधीच कागदावर लिहून ठेवा, नाहीतर मुलगा आवडला की हिस्सा वाढतो.

खरी अडचण पुराव्याची. डिलिव्हरीचं सोपं आहे : अ‍ॅपमधला कमाईचा इतिहास आणि बँकेत जमा झालेल्या रकमा यांतून काम कधी बंद होतं तेही दिसतं. ई-श्रम कार्ड मात्र इथे पुरावा होत नाही, कारण त्यावरचा व्यवसाय कामगाराने स्वतः सांगितलेला असतो. शिकवणीत एखाद्या पालकाला फोन करून एवढंच विचारावं, ‘पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच पाठवलंत का?’

घरच्या धंद्यात वडिलांच्या सहीचं पत्र निरुपयोगी. उधारीच्या वहीतलं उमेदवाराचं अक्षर पाहा आणि असं विचारा, जे गल्ल्यावर नुसत्या बसलेल्याला येणार नाही : पाव इंची स्क्रू नगावर विकता की वजनावर? माल कमी आला तर व्यापाऱ्याला कधी कळवता, गाडी गेल्यावर की उभी असताना? मुलींच्या अर्जात हे जास्त जपावं लागतं. परवान्यावर नाव वडिलांचं किंवा भावाचं आणि हिशेब तिचा, अशी दुकानं आणि डब्याचे धंदे पुष्कळ आहेत, आणि तीच मुलगी अर्जात ‘घरकाम’ लिहिते.

या पद्धतीला मर्यादाही आहे. जिथे आयटीआयचा ट्रेड लागतो तिथे दुकानाचे महिने चालत नाहीत. टर्नर तो टर्नरच. शिवाय साडेतेवीस महिन्यांचा हा मुलगा आणि कंत्राटावर वर्षभर स्टोअरमध्ये राबलेला दुसरा, यांच्यात आकडा मोठा म्हणून पहिला सरस ठरत नाही, कारण दुसऱ्याने संगणकावरची आवक-जावक हाताळलेली असते. गुणांचं काम एवढंच, की पहिला मुलाखतीच्या खोलीपर्यंत यावा. तिथे मी दोघांपुढे दहा चलनं आणि दहा बिलं ठेवतो. त्यांतल्या दोन जोड्यांत नगसंख्या जुळत नाही. पंधरा मिनिटांत ज्याला त्या दोन्ही सापडतात, जागा त्याची.