बारा रुपयांचं मुद्दल

4 मे 2022 रोजी रिझर्व्ह बँकेनं ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेतली आणि रेपो दर 4 टक्क्यांवरून 4.40 वर नेला. चलथाणमध्ये त्या दिवशी कुणी त्याची दखल घेतली असेल असं वाटत नाही. उधना-जळगाव मार्गावरचं हे स्टेशन, शेजारी सहकारी साखर कारखाना, आणि थोड्या अंतरावर कडोदऱ्याचा चौक, जिथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला धुळ्याकडून येणारा रस्ता मिळतो. नंदुरबार, शहादा, अमळनेरहून सुरतेला आलेली माणसं आधी उधना, लिंबायत, डिंडोलीत भाड्यानं राहिली. पुढे स्वतःचं घर घ्यायची वेळ आली तेव्हा शहरातले भाव झेपेनात, म्हणून त्यांतली काही पलसाणा तालुक्याकडे सरकली. रो-हाउस नाहीतर एक बेडरूमचा फ्लॅट, मिलमधला पगार आणि वीस वर्षांचं कर्ज, असा तो बेत.

दर वाढल्याची बातमी पुढे टीव्हीवर वारंवार येऊ लागली, तरी सोसायटीत एकच वाक्य ऐकू यायचं: “आपला हप्ता काही वाढला नाही, दादा.” ते खरंही होतं. महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून तेवढीच रक्कम जात होती. वाढ दुसरीकडे चालू होती, आणि तिथे पाहायची सवय कुणालाच नव्हती.

ती कुठे चालू होती हे कळायला एक नमुना कर्ज घेऊ. आकडे मी मांडलेले आहेत, कुणा एकाच्या खात्यातले नाहीत. मात्र रेपो दराच्या पायऱ्या खऱ्या आहेत. 1 ऑक्टोबर 2019 नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली असतात, आणि तीन महिन्यांत निदान एकदा त्यांचा दर नव्यानं लागतो. आपलं कर्ज 15 लाखांचं, मुदत 240 महिने, पहिला हप्ता नोव्हेंबर 2021 मध्ये. रेपो 4 आणि त्यावर बँकेचे 3, म्हणजे दर 7 टक्के. हप्ता बसला 11,630 रुपये. शेवटचा हप्ता ऑक्टोबर 2041 मध्ये.

पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले 8,750 रुपये व्याजात गेले आणि 2,880 मुद्दलात. वीस वर्षांच्या कर्जाची सुरुवात अशीच असते. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ मात्र याच विभागणीत आहे. हप्ता गोठवून दर वाढवला की वाढीव व्याज कुठून तरी काढावं लागतं, आणि काढायला जागा एकच उरते: मुद्दलाचे ते 2,880.

जून 2022 पर्यंत रेपो 4.90 झाला. जुलैच्या फेरीत आपल्या कर्जाचा दर 7.90 वर गेला. आठ हप्ते भरून झाले होते, 232 उरायला हवे होते. नव्या दरानं, त्याच हप्त्यात, ते 275 झाले. एकाच फेरीत 43 महिने वाढले. हप्ता वाढवून मुदत तीच ठेवायची असती तर महिन्याला 803 रुपये जास्त लागले असते. आता तुलना करा. 803 रुपये 232 महिने भरले तर 1 लाख 86 हजार होतात, आणि 43 जादा हप्ते म्हणजे 5 लाख रुपये. हे पाच लाख वीस वर्षांनंतरचे आहेत, तेव्हा रुपयाची किंमत घटलेली असेल, हे मान्य. पण 803 रुपये देता का, असं त्या महिन्यात विचारलं असतं तर मिलमधला ओव्हरटाइम करणारा माणूस बहुधा हो म्हणाला असता. त्याला विचारलंच गेलं नाही.

यात कारस्थान शोधायची मला गरज वाटत नाही. हप्ता न बदलणं दोन्ही बाजूंना सोयीचं असतं. खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची परवानगी एकदा दिलेली असते. रक्कम बदलली की ती परवानगी तपासा, प्रसंगी नवी सही घ्या. पगार तेवढाच असताना हप्ता वाढवला तर तो चुकण्याची भीती. त्यापेक्षा मुदत वाढवली की संगणकातला एक आकडा तेवढा बदलतो. कर्जदारालाही महिन्याचा हिशेब जमल्याशी मतलब.

ऑक्टोबर 2022 मध्ये दर 8.90 झाला आणि उरलेले हप्ते 376 वर गेले. म्हणजे अजून एकतीस वर्षांहून जास्त, वीस वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाची. इथे खऱ्या खात्यात सहसा अडथळा येतो. एकूण मुदत तीस वर्षांपलीकडे न्यायची नाही, आणि कर्जदाराच्या साठीपर्यंत किंवा ठरलेल्या वयापर्यंत कर्ज संपलं पाहिजे, अशा मर्यादा बँकांच्या असतात. अडतिसाव्या वर्षी कर्ज घेतलेल्याला तर जुलैची पहिली वाढच साठीपलीकडे नेऊन ठेवते. मर्यादा लागली की हप्ता वाढवावाच लागतो. मग ज्याला वर्षभर काहीच कळलं नाही त्याला एकदम हजार-दोन हजारांची वाढ कळते, आणि “आत्ता दर कुठे वाढलाय?” म्हणून तो शाखेत भांडायला जातो. वाढ जुनी असते, पत्र नवं असतं.

आपलं नमुना खातं मात्र कुणी न अडवता तसंच चालू ठेवू, म्हणजे गोठवलेला हप्ता कुठवर नेतो ते दिसेल. जानेवारी 2023 मध्ये दर 9.25 झाला. 8 फेब्रुवारीला रेपो 6.50 झाला आणि एप्रिलपासून आपला दर 9.50. तेव्हा शिल्लक मुद्दल 14,67,597 रुपये होतं. त्यावरचं महिन्याचं व्याज 11,618 रुपये, हप्ता 11,630. मुद्दलात गेले 12 रुपये. या गतीनं कर्ज फिटायला 877 महिने लागतात, म्हणजे त्र्याहत्तर वर्षं.

रेपो 6.50 वर पुढची दोन वर्षं थांबला. एप्रिल 2023 ते मार्च 2025 या चोवीस महिन्यांत आपल्या कर्जदारानं 2,79,120 रुपये भरले आणि मुद्दल सुमारे 300 रुपयांनी उतरलं. हप्ता एकदाही चुकला नाही, दंड नाही, सिबिलचा आकडा उत्तम. शिल्लक मुद्दल जरासं जास्त असतं, पंधरा लाखांच्या जवळ, तर व्याज 11,875 झालं असतं आणि हप्ता व्याजालाही पुरला नसता. न फिटलेलं व्याज मुद्दलात चढून, नियमित हप्ते भरूनही कर्ज वाढत गेलं असतं. सात टक्क्यांच्या आसपास, स्वस्ताईच्या अगदी तळाशी, लांब मुदतीनं कर्ज घेतलेल्यांची ही अडचण होती. 2012 साली घेतलेलं, अर्धंअधिक फेडलेलं कर्ज अडीच टक्क्यांची वाढ पचवतं, कारण त्याच्या हप्त्यात मुद्दलाचा वाटा मोठा असतो. ज्यांना 2021 मध्ये ‘इतका कमी दर पुन्हा मिळणार नाही’ म्हणून घाई करायला सांगितलं गेलं, त्यांच्याच हप्त्यात वाव नव्हता.

10 ऑगस्ट 2023 च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी हा विषय उघड काढला. संमती न घेता, नीट न कळवता मुदती अवाजवी वाढवल्याची उदाहरणं तपासणीत आणि लोकांच्या तक्रारींत आढळली, असं त्यांनी सांगितलं. आठ दिवसांनी, 18 ऑगस्टला, परिपत्रक निघालं. दर बदलताना हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होईल ते कळवायचं, हप्ता वाढवणं, मुदत वाढवणं किंवा दोन्ही थोडंथोडं करणं यातून निवडायला द्यायचं, आणि मुदतवाढीमुळे हप्ता व्याजाखाली जाऊ द्यायचा नाही. दर तिमाहीला एक विवरण द्यायचं, ज्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल, व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असेल. जुन्या कर्जांनाही हे 31 डिसेंबर 2023 पर्यंत लागू करायचं होतं.

नियम चांगला आहे, उशिरा आला. एप्रिल 2023 पर्यंत जे ताणायचं ते ताणून झालं होतं, आणि परिपत्रक निघाल्यानंतर रेपोत एकही वाढ झाली नाही. शिवाय आमच्याकडे अनेकांचं कर्ज बँकेचं नसतं. पगाराची स्लिप नसलेल्या लूमवाल्याला, टेम्पोवाल्याला, छोट्या दुकानदाराला गृहवित्त कंपनी गाठावी लागते. 18 ऑगस्टचं परिपत्रक तिलाही लागू आहे, पण रेपोशी थेट बांधण्याची सक्ती तिच्यावर नाही. तिचा दर तिच्या स्वतःच्या मूळ दरावर चालतो. त्यामुळे रेपो उतरला म्हणून आपला दर उतरलाच असेल असं तिथल्या ग्राहकानं धरून चालू नये.

फेब्रुवारी 2025 पासून रेपो उतरायला लागला. जूनपर्यंत 5.50, आणि 5 डिसेंबर 2025 ला 5.25. सोसायटीत पुन्हा तेच वाक्य, उलट सुरात: “दर उतरले म्हणे, मग हप्ता का कमी नाही?” यावेळी हप्ता न बदलणं कर्जदाराच्या फायद्याचं होतं, कारण सुटलेलं व्याज मुद्दलात जात होतं. पण चढताना ताणलेली मुदत उतरताना तेवढीच आखडेल, ही समजूत चुकीची. जानेवारी 2026 च्या फेरीत आपल्या नमुना कर्जाचा दर 8.25 होतो. पन्नास हप्ते भरून झालेले, मूळ करारानं 190 उरायला हवेत. उरलेत 290. दर अजून सव्वा टक्क्यानं वरच आहे, हे एक कारण. दुसरं असं की करारानुसार तोवर मुद्दल 13.33 लाखांवर यायला हवं होतं, ते 14.59 लाखांवर आहे. दर पुन्हा सातवर आला तरी हे सव्वा लाख आपोआप भरून निघत नाहीत.

हे तपासायला गणित यावं लागत नाही. तिमाही विवरणात किंवा ॲपमधल्या कर्जाच्या पानावर दोन रकाने पाहायचे: या महिन्याच्या हप्त्यातलं मुद्दल, आणि उरलेले हप्ते. भरलेले आणि उरलेले मिळून मूळ 240 पेक्षा किती जास्त होतात, तेवढं ताणलं गेलं. मग शाखेत लेखी अर्ज द्यायचा की हप्ता वाढवून मुदत कमी करा. अर्जात दोन्ही गोष्टी लिहाव्या लागतात. अधूनमधून जास्तीचे पैसे भरले तर मुदत कमी करायची की हप्ता, तेही सांगून टाकावं. घरासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकांना 2012 पासून घेता येत नाही, त्यामुळे दिवाळीच्या बोनसमधले दहा हजारही बिनखर्चानं मुद्दलात जातात.

नमुना कर्जाचा हप्ता जानेवारी 2026 पासून 13,000 केला तर 290 ऐवजी साधारण 216 हप्ते उरतात. 1,370 रुपयांनी सहा वर्षं कमी होतात. थेट ऑक्टोबर 2041 वर परत यायचं तर 13,777 लागतील. काहीच केलं नाही आणि दर इथेच राहिला, तर शेवटचा हप्ता फेब्रुवारी 2050 मध्ये जाईल.