वाचक नेमका कुठे थांबतो?

उकडीच्या मोदकांची कृती मी माझ्या छोट्याशा पाककृतींच्या साइटवर टाकली, तेव्हा ती अगदी सविस्तर आहे याचं मला समाधान होतं. येणारे वाचक मोजणाऱ्या आकड्यांवरून एवढंच कळत होतं, की माणसं येतात आणि लवकर जातात. कुठून जातात, ते कळत नव्हतं. म्हणून पानावर मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी हे मोफत साधन बसवलं. त्याने दिलेला कोडचा छोटा तुकडा साइटच्या शीर्षभागात चिकटवला की काम सुरू होतं.

हे साधन दोन गोष्टी दाखवतं. पहिली म्हणजे हीटमॅप. तुमच्याच पानाच्या चित्रावर रंग चढवलेले असतात: जिथवर बहुतेक जण पोचले तो भाग लाल, जिथे मोजकेच पोचले तो निळा. वरून खाली येताना वाचक गळणारच, आणि ही गळती हळूहळू झाली तर काळजीचं कारण नाही. एका जागी एकदम कडा कोसळल्यासारखा रंग बदलला, की तिथे पाहायचं. फोन आणि कॉम्प्युटर यांचे नकाशे मात्र वेगवेगळे बघावेत, कारण पान दोन्हीकडे वेगळं दिसतं.

माझ्या पानावर आठवडाभरात फोनवरून 50 वाचक आले. मोदकांच्या फोटोपर्यंत 46 जण पोचले होते, त्याखालच्या साहित्याच्या यादीपर्यंत फक्त 24. फोटोत असं काय होतं, ते नकाशा सांगेना.

तिथे दुसरी गोष्ट उपयोगी पडली, भेटीचं रेकॉर्डिंग. हे कॅमेऱ्याने घेतलेलं चित्रण नसतं. पान कसं होतं, बोट कुठे टेकलं, पान किती सरकलं, याच्या नोंदी साठवून त्यावरून ती भेट पुन्हा उभी केली जाते. वाचकाचा चेहरा दिसत नाही आणि त्याने चौकटीत टाइप केलेला मजकूर झाकलेला असतो. तरीही अशी नोंद होते हे साइटवर स्पष्ट लिहायलाच हवं. युरोपातले वाचक येत असतील, तर त्यांची संमतीही आधी घ्यावी लागते.

फोटोपाशी गळालेल्यांची रेकॉर्डिंग पाहिली आणि उलगडा झाला. फोटो फोनचा सगळा पडदा व्यापत होता आणि त्याखाली मी बरीच मोकळी जागा सोडली होती. वाचक तिथे येई, जरा थांबे, थोडं वर जाई आणि निघून जाई. त्यांना पान तिथेच संपलं असं वाटत होतं. काहींनी फोटोवर तीन-चार वेळा टिचक्याही मारल्या होत्या. ज्यावर दाबून काहीच होत नाही, अशा टिचक्यांना हे साधन ‘डेड क्लिक’ म्हणून वेगळं काढून ठेवतं.

यादीच्या पुढे गेलेल्यांची अडचण वेगळी होती. ‘पाण्याला उकळी आली की पिठी घाला’ या ओळीपाशी येऊन ते पुन्हा वर यादीकडे जात आणि परत खाली येत. एकीने तर असं पाच वेळा केलं. पाणी किती, पिठी किती, हे मी फक्त यादीत लिहिलं होतं. गॅसवर पातेलं ठेवलेल्या बाईला ते तिथल्या तिथे हवं होतं.

इथे एक चूक हमखास होते. पान बराच वेळ हललं नाही, की वाचक गोंधळला असं आपण धरून चालतो. पाककृतीच्या पानावर तो कदाचित उकड मळत असेल. पुढची हालचाल बघावी. थांबून पुढच्या पायरीकडे गेला, तर तो काम करत होता. त्याच दोन जागांमध्ये हेलपाटे घालू लागला, तर अडला आहे. आणि कोणी खालपर्यंत पोचला म्हणजे त्याने सगळं वाचलं, असंही नव्हे.

मी फोटो लहान केला, म्हणजे साहित्याचं शीर्षक त्याच पडद्यावर डोकावेल. कृतीतल्या ओळीत ‘एक वाटी पिठीला एक वाटी पाणी’ असं घातलं. पुढच्या आठवड्यात फोनवरच्या 44 वाचकांपैकी 31 जण यादीपर्यंत पोचले. पण तो आठवडा गणेश चतुर्थीच्या तोंडावरचा होता. तेव्हा येणारा वाचक मोदक करायच्या तयारीनेच येतो. शिवाय 50 वाचकांत एक माणूस म्हणजे 2 टक्के. एवढ्या आकड्यांवरून फोटोमुळेच फरक पडला, असं मी छातीठोक म्हणणार नाही. वर-खाली हेलपाटे घालणं मात्र नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये जवळपास थांबलं होतं आणि त्यावर माझा अधिक विश्वास आहे.

तुमची साइट लहान असेल, तर टक्केवारीत अडकू नका. नकाशावर कडा कुठे कोसळतो ते शोधा, तिथून परत गेलेल्या वीसेक जणांची रेकॉर्डिंग निवांत बघा आणि दिसलेलं लगेच टिपून ठेवा. क्लॅरिटीवर साधारणपणे रेकॉर्डिंग 30 दिवसच राहतात.