अंगठा एकच, कामं दोन : एका हाताने 'एल्डन रिंग' कसं खेळायचं?

ज्यांना आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायचाय, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना मी भरकटलो होतो, ते इथे काढून टाकलंय.

माझा मावसभाऊ धुळ्याला असतो. बाईकच्या अपघातात त्याच्या डाव्या खांद्यातल्या नसा तुटल्या, त्यामुळे डावा हात खालपर्यंत हलत नाही. उजवा हात आणि दोन्ही पाय ठणठणीत. त्याला खेळायचा होता 'एल्डन रिंग', २०२२ चा, चुकीला माफी नसलेला गेम. आज त्याचाच सेटअप समजून घेऊ.

आधी एक सोपा फरक. कंट्रोलरवर दोन प्रकारची कामं असतात. बटणाचं काम म्हणजे फक्त 'दाबलं' किंवा 'नाही दाबलं'. जॉयस्टिकचं काम वेगळं, तिला किती आणि कुठल्या दिशेला वळवलं हेही सांगावं लागतं. बटण पायाने, गुडघ्याने, कोपराने, कशानेही दाबता येतं. जॉयस्टिकसाठी मात्र बारीक हलणारा अवयव लागतो. म्हणून पहिला नियम : चांगला हात जॉयस्टिकला द्या, बटणं बाकी शरीरात वाटून टाका.

आता मोजूया. या गेममध्ये डावी जॉयस्टिक चालवते आणि उजवी कॅमेरा फिरवते. उजवा अंगठा कॅमेरा सोडून अधूनमधून ए, बी, एक्स, वाय दाबतो. आपल्याकडे डावा हातच नाही, म्हणून स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये जाऊन उजव्या जॉयस्टिकला डावीचं काम दिलं. उजव्या अंगठ्याने चालणं सुरू झालं. मग कॅमेऱ्याचं काय? तीच जॉयस्टिक आत दाबली की शत्रूवर लॉक बसतो आणि कॅमेरा आपोआप त्याच्या मागे फिरतो. समोर कुणी नसेल तर कॅमेरा आपल्या पाठीमागे सरळ होतो. आजूबाजूला निवांत बघता येत नाही, ही तडजोड आहे. पण लढाई होते.

मला वाटलं, झालं काम. पण खरी अडचण पुढे होती. या गेममध्ये वार चुकवायला बी दाबून लोळण घ्यावी लागते, आणि कुठल्या दिशेला ते जॉयस्टिकने त्याच क्षणी सांगावं लागतं. आता जॉयस्टिकवरही उजवा अंगठा आणि बीवरही तोच! भाऊ वैतागून म्हणाला, "भो, मना अंगठा एकच शे."

म्हणजे गेलेल्या हाताची बटणं तर दुसरीकडे न्यायची होतीच, पण उरलेल्या हातावर पडलेला जादा भारही उतरवायचा होता. वाटणी अशी केली : अंगठ्याला जॉयस्टिक, तर्जनी आणि मधल्या बोटाला आरबी-आरटी म्हणजे वार. उजव्या पायाला बी म्हणजे लोळण, डाव्या पायाला एलबी म्हणजे ढाल. औषध पिण्याचं एक्स आणि बाकीची बटणं अंगठ्यालाच, कारण ती थांबून दाबली तरी चालतात.

पायाचं बटण कंट्रोलरला जोडायचं कसं? इथे मोठ्या कंपन्यांनी काय केलंय ते बघा. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला, तेव्हा किंमत होती सुमारे १०० डॉलर. त्याच्या पाठीमागे १९ छोटी भोकं आहेत, आपल्या जुन्या इअरफोनच्या ३.५ मिलिमीटर पिनची. एकेक भोक म्हणजे एकेक बटण. त्यात पेडल लावा, कोपराने दाबायचं मोठं बटण लावा, काहीही. सोनीच्या २०२३ च्या अॅक्सेस कंट्रोलरलाही अशी चार भोकं आहेत. आत जादू काही नाही, बटण म्हणजे दोन तारा एकमेकींना टेकणं. पिनमधून त्या दोन तारा बाहेर आणल्या, एवढंच.

मग हेच आपण साध्या पॅडवर केलं. वायरवाला, एक्सबॉक्स पद्धतीचा स्वस्त पॅड घेतला. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाईल दुरुस्त करणाऱ्या दादांनी तो उघडला. बी आणि एलबीच्या दोन्ही टोकांना बारीक तारा सोल्डर केल्या आणि त्यांच्या शेवटी ३.५ मिलिमीटरची सॉकेट बसवली. मूळ बटण तसंच राहतं, आता तेच काम पायानेही होतं. तुम्ही कुणाकडून करून घेणार असाल तर आधी सांगून ठेवा, एलटी-आरटीला हात लावू नका. ते किती दाबलं हे मोजणारे असतात, दोन तारा टेकवून त्यांचं काम नीट होत नाही.

पेडल घरीच केलं. दारावरच्या बेलचं बटण, त्यावर बिजागरीने जोडलेली लाकडी फळी, मध्ये स्प्रिंग. बटण बोटांखाली यायला हवं आणि टाच जमिनीवर टेकलेली हवी, नाहीतर पायाच्या वजनाने ते सारखं दबत राहतं. बटण कोरं घ्या, भिंतीवरून काढलेलं नको, आणि घरच्या लाइनशी त्याचा काहीही संबंध येऊ देऊ नका. शिलाई मशीनच्या मोटरचं पेडलही नको. ते थेट २३० व्होल्टवर चालतं आणि ते साधं बटण नसतं.

तपासायचं कसं? मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि पिनच्या टोकाला व बुडाला लावा. पाय ठेवला की बीप, उचलला की शांत, असं हवं. सतत बीप येत असेल तर तारेचा एखादा केस दुसऱ्या तारेला चिकटलाय.

तरी पहिल्या दिवशी भावाची लोळण उशिराच होत होती. बटण ठीक, तारा ठीक. कारण गेममध्येच निघालं. बी दाबून धरलं की माणूस धावतो, म्हणून लोळण बटण दाबताना होत नाही, सोडताना होते. बोट झटकन उचललं जातं, पाय रेंगाळतो. स्प्रिंग कडक केली, तेव्हा फळी स्वतःच वर उसळू लागली आणि उशीर कमी झाला. ढालीचं उलट होतं. ती धरून ठेवायची असल्याने पोटरी भरून यायची. स्टीममध्ये एलबीला 'टॉगल' केलं : एकदा दाबलं की ढाल वर, पुन्हा दाबलं की खाली.

आता तुमच्यातले बरेच जण मोबाईलवरच खेळतात, म्हणून थोडं त्याबद्दल. टचस्क्रीनला अशा दोन तारा काढता येत नाहीत. फोन हलवून नेम धरणारा जायरो बीजीएमआयमध्ये आहे, पण त्यासाठी फोन हातात हवा, आणि एका हातात फोन धरला की मोकळा उरतो फक्त अंगठा. फोन स्टँडवर ठेवला तर जायरो गेला. बीजीएमआयमध्ये टचच्या जागी बटणं चालवून देणारी अॅप्स वापरलीत तर आयडी बॅन होऊ शकतो. त्यापेक्षा कॉल ऑफ ड्युटी मोबाईलसारखा, कंट्रोलर अधिकृतपणे चालणारा गेम निवडा.

आणि पेडल फेकू नका. उद्या अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर घेतलात तर हीच ३.५ मिलिमीटरची पिन त्यातही बसते.

तुमच्या ओळखीत कुणाचा उजवा हात चालत नसेल, तर वाटणी कशी बदलेल ते कागदावर मांडून पाठवा. पुढच्या भागात त्यातलीच एक घेऊ. भेटू, मंडळी!