तेरा मार्चची लांब शेपटी

2020 सालचा 13 मार्च, शुक्रवार. आदल्याच दिवशी निफ्टी 868 अंकांनी कोसळून 9,590 वर बंद झाला होता. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला आणि पाच-सात मिनिटांत निर्देशांक दहा टक्क्यांनी खाली गेला. नियमाप्रमाणे लोअर सर्किट लागलं आणि व्यवहार 45 मिनिटांसाठी थांबले. पुन्हा सुरू झाल्यावर निफ्टीने 8,555 चा तळ दाखवला आणि तिथून तो असा काही उलटला, की दुपारी बाजार बंद होताना आकडा होता 9,955. म्हणजे दिवसभराच्या तळापासून 1,400 अंक वर, आणि आदल्या दिवशीच्या बंद भावापेक्षाही 365 अंक वर.

आलेखावर त्या दिवसाची कॅंडल एखाद्या पाठ्यपुस्तकात छापावी तशी दिसते. खाली साडेपाचशे अंकांची लांब शेपटी, वर भरगच्च हिरवं अंग, आणि एरवीच्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त व्हॉल्यूम. अशा कॅंडलला बाजारात ‘कॅपिट्युलेशन कॅंडल’ म्हणतात. घाबरलेल्यांनी मिळेल त्या भावाला माल फेकला, विकणारे संपले, आता बाजार वरच जाणार, असा तिचा अर्थ लावला जातो. त्या शनिवार-रविवारी अनेकांनी तो तसाच लावला. पुढच्या तिसऱ्याच सत्रात, 18 मार्चला, निफ्टी 8,468 वर बंद झाला. शुक्रवारचा तळ मोडला होता. 24 मार्चला तर 7,511 दिसले.

कॅंडल खोटी नव्हती, तिचं वाचन चुकलं. त्यासाठी पडत्या बाजारात माल नेमका कोण विकतं, ते आधी पाहायला हवं.

मोठ्या पडझडीत सगळेच काही मनाने विकत नाहीत. बरेच जण विकायला भाग पडतात. समजा, त्या शुक्रवारी बंद भावाला एकाने निफ्टी फ्युचर्सचा एक लॉट घेतला. तेव्हा लॉट 75 चा होता, म्हणजे साधारण साडेसात लाखांचा सौदा, आणि तो ब्रोकरकडे एवढ्या रकमेचा एक भागच मार्जिन म्हणून ठेवून करता येतो. सोमवारी, 16 मार्चला, निफ्टी 757 अंकांनी पडला. एका दिवसात जवळपास 57 हजारांचा फटका. संध्याकाळी ब्रोकरचा निरोप येतो: मार्जिन भरा. पैसे वेळेत आले नाहीत, तर सौदा कापला जातो. तो कोणत्या भावाला कापला जावा, हे विचारायला कोणी थांबत नाही. शेअर गहाण टाकून कर्ज घेतलेले प्रवर्तक, गुंतवणूकदारांनी पैसे परत मागितलेले फंड, डॉलरची निकड असलेल्या परदेशी संस्था, या सगळ्यांची गत थोड्याफार फरकाने अशीच असते. त्यांना भाव महाग-स्वस्त याच्याशी घेणं-देणं नसतं, त्यांना रोकड हवी असते.

अशी सक्तीची विक्री एकाच वेळी बाहेर आली, की व्हॉल्यूम फुगतं. पण प्रत्येक विकलेल्या शेअरला एक घेणाराही असतोच. त्यामुळे प्रचंड व्हॉल्यूम एवढंच सांगतं, की माल मोठ्या प्रमाणात हात बदलून गेला. ज्यांच्याकडे गेला ते तो धरून ठेवणार की दोन दिवसांत फुंकून टाकणार, हे त्या उंच खांबावर लिहिलेलं नसतं. आणखी एक गोष्ट. आधीच विकून बसलेले, म्हणजे शॉर्ट केलेले लोकही अशा दिवशी नफा खिशात घालण्यासाठी खरेदी करतात. शनिवार-रविवारची जोखीम नको म्हणून शुक्रवारी ही घाई जास्तच असते. ही खरेदी जोरदार दिसते, पण ती करणारे दुसऱ्या दिवशी पुन्हा येत नाहीत. त्यांचं काम झालेलं असतं. सुटकेच्या उसळीचं बरंचसं इंधन हेच.

13 मार्चला खरी खूण दुसरीकडे होती. कॅंडल हिरवी असली, तरी रोख बाजारात परदेशी संस्थांनी त्या दिवशीही हजारो कोटींची निव्वळ विक्रीच केली होती. हा आकडा रोज संध्याकाळी जाहीर होतो आणि फुकट पाहता येतो. तरी आलेखाकडे टक लावून बसणारे तो क्वचितच पाहतात, याचं नवल वाटतं. त्या संपूर्ण महिन्यात या संस्थांनी भारतीय शेअर्समधून सुमारे 62 हजार कोटी रुपये काढले. म्हणजे तेराव्या तारखेला मोठा विक्रेता थकला नव्हता. त्याचा माल देशी संस्था आणि इतर खरेदीदार घेत होते, आणि त्याच्याकडे विकायला अजून बराच शिल्लक होता.

त्याला विकायला लावणारं कारणही जागच्या जागी होतं. जगभर डॉलरची टंचाई होती. रविवारी, 15 मार्चला, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर शून्याजवळ आणले, तरी सोमवारी बाजार सावरले नाहीत, उलट आपटले. बातमी चांगली आणि बाजार खाली, हा क्रम दिसला की समजावं, विक्री अजून सक्तीची आहे.

आता 24 मार्चकडे पाहू. त्याच्या आदल्या दिवशी, 23 तारखेला, निफ्टी 1,135 अंकांनी, म्हणजे जवळपास 13 टक्क्यांनी पडला होता आणि पुन्हा सर्किट लागलं होतं. त्याच दिवशी फेडने हवे तितके रोखे विकत घेण्याची तयारी जाहीर केली, म्हणजे रोकडीच्या टंचाईवरच घाव घातला. 24 मार्चची कॅंडल मात्र दिसायला अगदीच बेताची. 7,511 चा तळ, 7,801 ला बंद, खाली शेपटी आणि वरही शेपटी, मध्ये किरकोळ अंग, तेही लाल. ज्याला तेराव्या तारखेची कॅंडल आवडली, तो हिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. भीती मोजणारा इंडिया व्हिक्स त्या दिवशी ऐंशीच्या वर होता आणि रात्री देशभर 21 दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. याहून वाईट बातमी कोणती असणार? तरी दुसऱ्या दिवशी निफ्टी पाचशे अंकांनी वर गेला.

एवढ्यावरून तळ लागला म्हणणंही घाईचंच झालं असतं. 27 मार्चला, रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाऊण टक्क्याने कमी केला त्या दिवशी, निफ्टी 9,038 पर्यंत चढला आणि तिथून पुन्हा घसरला. 3 एप्रिलला तो 8,083 वर आला. बाजार या वेळी पुन्हा खाली आला, पण 7,511 पर्यंत गेलाच नाही, साडेपाचशे अंक वरच थांबला. जुन्या तळाची अशी चाचणी होते तेव्हा पाहायचं एवढंच, की विक्रीचा जोर पहिल्यापेक्षा कमी आहे का. भाव जुन्या तळाच्या दिशेने येतोय आणि व्हॉल्यूम आटतंय, तर घाईने विकणारे उरलेले नाहीत असा अंदाज बांधता येतो. भाव येतोय आणि व्हॉल्यूम पुन्हा पहिल्याइतकंच फुगतंय, तर तळ मोडण्याची तयारी ठेवावी. यानंतर 9 एप्रिलला निफ्टी 9,111 वर बंद झाला, म्हणजे आधीच्या उसळीचं 9,038 हे टोक ओलांडलं गेलं. सुटकेच्या उसळीला सहसा हेच जमत नाही. ती चढते, टोक करते आणि पुढच्या वेळी त्या टोकाच्या आतच दमते.

व्हॉल्यूम वाचताना एक पथ्य पाळावं लागतं. निर्देशांकाला स्वतःचं व्हॉल्यूम नसतं. आलेखाखाली दिसतं ते त्यातल्या शेअर्सची बेरीज असते. ज्या दिवशी सर्किटमुळे व्यवहार थांबतात किंवा वायद्याची मुदत संपते, त्या दिवसाचा आकडा इतर दिवसांशी सरळ तोलता येत नाही. एकेका शेअरचं व्हॉल्यूम त्याच्या मागच्या वीस किंवा पन्नास दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहावं आणि सोबत डिलिव्हरीची टक्केवारी पाहावी. एक्स्चेंज ती रोज देतं. दहा कोटी शेअर्सची उलाढाल झाली आणि डिलिव्हरी पंधरा टक्के असेल, तर बहुतेक सौदे त्याच दिवशी सकाळी घेऊन दुपारी विकलेले आहेत. घरी कोणीच काही नेलेलं नाही.

इतकं करूनही फसगत होते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 22 जानेवारी 2008 ला निफ्टीने लोअर सर्किटनंतर 4,448 चा तळ केला आणि साडेचारशे अंक वर येऊन बंद झाला. मार्चमध्ये तो पुन्हा 4,450 च्या आसपास आला आणि तिथूनच परतला. चाचणीही पार पडल्यासारखी दिसली. मेच्या सुरुवातीला 5,200 च्या वर भाव होता. जुलैमध्ये मात्र तो 3,800 च्या आसपास घसरला, आणि सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली. अमेरिकी कर्जांची घाण साफ झाली नव्हती, ती फक्त थोडा काळ नजरेआड झाली होती. त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला 2,252 चा तळ दिसला आणि त्याच दिवशी निफ्टी 2,524 वर बंद झाला. या तळाची नोव्हेंबरात आणि पुन्हा मार्च 2009 मध्ये चाचणी झाली. 9 मार्चला 2,573 वर बंद झालेला बाजार तिथून खाली गेला नाही. साडेचार महिने बाजार तळाशीच रेंगाळला. तोवर बाजाराविषयी बोलणंही लोकांनी सोडून दिलं होतं. 18 मे 2009 ला, लोकसभा निकालानंतरच्या सोमवारी, वरचं सर्किट लागलं, तेव्हा घेणाऱ्याला माल मिळेना.

थांबण्याची किंमत असतेच. 9 एप्रिल 2020 ला जुनं टोक ओलांडल्यावर ज्याने घेतलं, त्याला तळापेक्षा सुमारे 21 टक्के जास्त मोजावे लागले. 13 मार्चच्या हिरव्या कॅंडलवर 9,955 ला घेणाऱ्याने त्याहूनही जास्त मोजले, शिवाय अकरा दिवसांत त्याची रक्कम जवळपास एक चतुर्थांशाने घटली. त्याचं मुद्दल बंद भावाने परत आलं ते 2 जूनला. अर्थात, तोवर त्याने धरून ठेवलं असेल तर. त्याने ते फ्युचर्समध्ये घेतलं असतं, तर 18 मार्चच्या आधीच ब्रोकरने सौदा कापला असता आणि 24 मार्चचा तळ त्याला बाहेर उभं राहूनच पाहावा लागला असता. उलट 8,555 खाली बंद झाला की बाहेर पडायचं, असं आधीच ठरवून ज्याने घेतलं, त्याचा तोटा पंधरा टक्क्यांच्या आसपास थांबला. 9 एप्रिलला परत शिरण्याइतकी रोकड त्याच्या हाती होती.