सहकाऱ्याशी झालेला वाद मुलाखतीत कसा सांगावा

‘सहकाऱ्याशी तुमचा कधी वाद झाला होता का? तेव्हा तुम्ही काय केलंत?’ हा प्रश्न नोकरीच्या मुलाखतीत हमखास येतो आणि तयारीने आलेले उमेदवारही त्यावर गडबडतात. कोणी म्हणतं, माझं कोणाशीच कधी वाजत नाही. कोणी जुन्या सहकाऱ्याची गाऱ्हाणी मांडायला लागतं. दोन्ही उत्तरांतून मुलाखत घेणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. मतभेद झाल्यावर हा माणूस कसा वागतो, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं आणि तेच नेमकं सांगितलेलं नसतं.

हे सांगण्यासाठी ‘स्टार’ नावाची चौकट वापरतात. सिच्युएशन, टास्क, ॲक्शन आणि रिझल्ट, म्हणजे परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम, या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं. ती रूढ केली अमेरिकेतल्या डेव्हलपमेंट डायमेन्शन्स इंटरनॅशनल या मनुष्यबळ क्षेत्रातल्या संस्थेने, 1970च्या दशकात. मुळात ती उमेदवारांसाठी नव्हतीच. मुलाखत घेणाऱ्यांनी काय विचारावं आणि काय टिपून घ्यावं, यासाठी ती होती. उमेदवार पूर्वी प्रत्यक्ष जसा वागला, त्यावरून तो पुढे कसा वागेल याचा अंदाज ‘तुम्ही काय कराल?’ या प्रश्नापेक्षा बरा बांधता येतो, हा त्यामागचा विचार. हे लक्षात घेतलं की चौकटीचा रोख कळतो. समोरचा माणूस घडलेली एक घटना शोधत असतो. स्वभाववर्णन किंवा तत्त्वं ऐकून त्याला काही टिपता येत नाही.

त्यामुळे खरी मेहनत घटना निवडण्यात आहे. वाद कामाचा असावा. दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य असावं आणि तो सोडवण्यात उमेदवाराचा स्वतःचा हात असावा. डबा खाण्याच्या जागेवरून झालेली कुरबुर फार किरकोळ ठरते. छळ किंवा अफरातफर हा सहकाऱ्याशी मतभेदाचा विषयच नव्हे. तिथे तक्रारच करायची असते.

चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यातल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. समजा, उमेदवार तिथे दुसऱ्या पाळीचा क्वालिटी इंजिनिअर होता. रात्री नऊच्या गाडीने चारशे बुश ग्राहकाकडे जायचे होते. सातच्या सुमारास त्याने वीस नग तपासले, तर तिघांमध्ये प्लग गेजची ‘नो-गो’ बाजू आत गेली. जी बाजू जायला नको ती गेली, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं. त्याने लॉटवर होल्डचा टॅग लावला. प्रॉडक्शनचा सुपरवायझर तडक आला आणि ऑपरेटरांसमोरच म्हणाला, ‘तुमचं गेजच झिजलंय, माल थांबणार नाही.’ परिस्थिती इथे संपते. चार-पाच वाक्यं, फार तर अर्धा मिनिट. बहुतेकांचं उत्तर याच टप्प्यावर फसतं. सुपरवायझर कसा तापट, त्याने आधीही काय काय केलं होतं, हे सांगता सांगता दोन मिनिटं निघून जातात आणि ऐकणाऱ्याला गाऱ्हाणं तेवढं ऐकू येतं.

जबाबदारीचा भाग एक-दोन वाक्यांचाच, पण वादाच्या प्रश्नात त्याला वेगळं वजन आहे. सदोष माल बाहेर जाऊ न देणं हे इंजिनिअरचं काम होतं. ग्राहकाची लाइन थांबू न देणं ही सुपरवायझरची जबाबदारी होती. दोन्ही उद्दिष्टं शेजारी ठेवून सांगितली की भांडण दोन कामांमधलं आहे हे आपोआप दिसतं आणि समोरच्याला खलनायक करावं लागत नाही. हा टप्पा बहुतेकजण गाळतात. वादाच्या उत्तरात तोच सर्वांत उपयोगाचा आहे.

कृतीला निम्म्याहून जास्त वेळ द्यावा आणि ती क्रमाने सांगावी. इंजिनिअरने सुपरवायझरला तपासणीच्या खोलीत नेलं, कारण ऑपरेटरांसमोर दोघांपैकी कोणीच माघार घेतली नसती. ‘गेज झिजलंय असं का वाटतं?’ असं विचारलं. पहिल्या पाळीत सगळे नग याच गेजने पास झाले होते, हे उत्तर मिळालं. ती शंका रास्त होती, म्हणून गेजवरची कॅलिब्रेशनची तारीख दोघांनी पाहिली आणि ते तीन नग बोअर गेजवर दोघांनी मिळून मोजले. माप मोठंच निघालं. मग प्रश्न ‘कोण बरोबर’ इथून ‘कधीपासून बिघडलं’ इकडे वळला. साडेचारला टूलचा इन्सर्ट बदलला होता आणि त्यानंतर ऑफसेट नीट दिला गेला नव्हता. पेट्यांवर तासावार टॅग होते, त्यामुळे आधीचे 260 नग वेगळे काढता आले.

इथे ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांचा घोळ होतो. ‘आम्ही बसून बोललो, मार्ग काढला’ असं म्हणणं आपल्याकडे विनयाचं समजतात, पण टिपणं घेणाऱ्याला त्यातून उमेदवाराने काय केलं ते कळत नाही. खोलीत कोणी नेलं, प्रश्न कोणी विचारला, हे ‘मी’ म्हणून सांगावं. इन्सर्टची गोष्ट सुपरवायझरला आठवली असेल, तर तेही त्याच्या नावावर मांडावं. श्रेय अचूक वाटलं की बाकीचं उत्तरही खरं वाटतं.

परिणाम दोन अंगांनी सांगायचा. कामाचा असा: 260 नग एकेक तपासून गाडी तासभर उशिरा निघाली, कमी माल येतोय हे ग्राहकाला आधी कळवलं आणि त्याची लाइन थांबली नाही. उरलेल्या 140 पैकी 18 नग सकाळी बाद झाले. नात्याचं अंग मात्र अनेकदा राहून जातं. इन्सर्ट बदलल्यावर पहिल्या नगावर दोघांनीही सही करायची असं ठरलं आणि पुढे शंका आली की सुपरवायझर स्वतःच बोलावू लागला. ‘आता आमची छान मैत्री आहे’ या वाक्यापेक्षा त्या सहीने जास्त पटतं.

परिणाम नेहमी इतका गोड नसतो. वरिष्ठांनी सगळाच माल पाठवायचा निर्णय दिला असता, तर तसंच सांगावं. आकडे लेखी मांडले, आक्षेप नोंदवला, निर्णय झाल्यावर गाडी भरायला हातभार लावला. हेही पूर्ण उत्तर आहे.

सगळं मिळून दोन-अडीच मिनिटांत बसतं. पाठ केलेलं उत्तर मात्र त्यापुढच्या प्रश्नांत उघडं पडतं, कारण अनुभवी मुलाखतकार तिथे थांबत नाही. ‘त्या सुपरवायझरला विचारलं, तर तो हे कसं सांगेल?’ किंवा ‘पुन्हा तसंच झालं, तर काय वेगळं कराल?’ असं तो विचारतो. घटना खरी असेल तर तपशील हाताशी असतात. त्या रात्री टॅग लावण्याआधी सुपरवायझरला फोन केला असता, तर ऑपरेटरांसमोरची खडाजंगी टळली असती, हे उदाहरणातल्या इंजिनिअरला चौकटीबाहेरही सांगता येतं.